‘मांस वाढलंय’ म्हणजे नेमकं काय वाढलंय?

ओपीडीत दोघी बहिणी एकत्रच आल्या होत्या. धाकटी एकोणीस वर्षांची, कॉलेजात. तिने ओढणी बाजूला केली, तर उजव्या कानाच्या पाळीमागे सुपारीएवढी कडक, गुळगुळीत, लालसर गाठ. थोरलीचं चार महिन्यांपूर्वी सिझर झालं होतं आणि बाळ बाहेर आजीकडे होतं. धाकटीचं बोलणं संपल्यावर ती जरा संकोचून म्हणाली, “डॉक्टर, माझ्याही टाक्यांवर मांस वाढलंय. मलाही तेच झालंय ना? घरात सगळे म्हणतात, रक्तातच आहे.”

‘मांस वाढलंय’ हा शब्द मी रोज ऐकतो. तो वाईट नाही, फक्त अपुरा आहे. या नावाखाली दोन वेगळे प्रकार येतात. एक म्हणजे नुसता उंचावलेला व्रण, ज्याला आम्ही हायपरट्रॉफिक स्कार म्हणतो. दुसरा कीलॉइड. दोन्ही लाल असतात, दोन्ही खाजतात, दोन्ही बोटाला टणक लागतात. पण एकाला वेळ दिला की तो बहुतेक वेळा स्वतःच खाली बसतो, आणि दुसऱ्याला वेळ दिला की तो पसरतो. एक कापून नीट शिवता येतो. दुसरा नुसता कापला तर पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. धाकटीच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. दुसरं भोक पाडल्यावर तिसऱ्या महिन्यात मागे एक मणी आला, आठव्या महिन्यात तो हरभऱ्याएवढा झाला. मग कुणीतरी दहा मिनिटांत तो कापून दिला आणि पुढे काही सांगितलंच नाही. चार महिन्यांत हरभऱ्याची सुपारी झाली.

हद्द आणि दिनदर्शिका

हे दोन ओळखायला बहुतेक वेळा कुठलंही यंत्र लागत नाही. पहिला प्रश्न हद्दीचा: जखम होती तेवढ्याच जागेत व्रण उंच झालाय, की शेजारच्या चांगल्या कातडीतही शिरलाय?

मी थोरलीच्या पोटावर बॉलपेनने रेघ मारून दाखवली. तिचा व्रण आडवा, बोटभर जाडीचा, दोरखंडासारखा फुगलेला. पण चाकू फिरला होता त्या रेषेवरच. टाक्यांच्या पलीकडची कातडी मऊ आणि जशीच्या तशी. डाव्या कोपऱ्यात तो सगळ्यात जाड होता. विचारलं तर म्हणाली, तिथे दुसऱ्या आठवड्यात थोडं पाणी येत होतं, ड्रेसिंग करावं लागलं. ही माहिती महत्त्वाची होती. जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले, पू झाला, टाका सुटला, की तिथे व्रण उंचावण्याची शक्यता वाढते. म्हणजे तिच्या व्रणाला कारण सापडत होतं आणि तो त्या कारणाच्या जागीच होता.

धाकटीच्या कानाला मुळात जखम केवढी होती? सुईच्या टोकाएवढी. गाठ केवढी? सुपारीएवढी. इथे हद्दीचा प्रश्न विचारायचीही गरज नाही. शिवाय पाळीच्या पुढून पाहिलं तर भोकाच्या जागी वाटाण्याएवढा एक उंचवटा होता. मागची मोठी गाठ आणि पुढची छोटी गाठ भोकाच्या वाटेने आतून जोडलेल्या होत्या, डंबेलसारख्या. कानाच्या पाळीवरच्या कीलॉइडचं हे अगदी ओळखीचं रूप. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलीबेर नावाच्या फ्रेंच त्वचातज्ज्ञाने या आजाराला नाव दिलं, ते ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून. छातीवरचं जुनं कीलॉइड पाहिलं की ते नाव पटतं: दोन्ही बाजूंनी चांगल्या कातडीत फाकलेल्या नांग्या.

दुसरा प्रश्न दिनदर्शिकेचा. नुसता उंचावलेला व्रण घाई करतो. जखमेनंतर साधारण महिना-दोन महिन्यांत तो वर येतो, सहाएक महिने वाढतो, मग थांबतो, आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत हळूहळू फिका आणि सपाट होत जातो. कीलॉइड सावकाश येतं. जखम नीट भरते, आपण विसरतो, आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, कधी वर्षाने तिथे काहीतरी हाताला लागतं. ते आपणहून मागे फिरत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या दोघांमध्ये सीमेवरची प्रकरणंही असतात. कीलॉइड पहिल्या काही आठवड्यांत हद्दीतच असतं, तेव्हा ते साध्या व्रणासारखंच दिसतं. हे दोन वेगळे आजार आहेत की एकाच आजाराची दोन टोकं, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढायला सांगतो. दर महिन्याच्या एकाच तारखेला, त्याच उजेडात, व्रणाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. तीन फोटो शेजारी ठेवले की हद्द सरकतेय का हे पेशंटलाच दिसतं.

आत काय चाललेलं असतं

जखम झाली की शरीर तिथे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणून भोक बुजवतं. घाईत विणलेलं असतं, म्हणून सुरुवातीला प्रत्येकच व्रण थोडा जाड आणि लाल असतो. नंतर काही महिने शरीर तोच कपडा उसवून पुन्हा बारीक विणतं. उंचावलेल्या व्रणात विणकाम जरा जास्त होतं आणि उसवणं उशिरा सुरू होतं, पण होतं. कीलॉइडमध्ये थांबण्याचा निरोपच पोचत नाही. कडेच्या पेशी विणतच राहतात, दोर जाड होत जातात, आणि गाठ चांगल्या कातडीत सरकत राहते. ती कॅन्सर नाही आणि दुसरीकडे पसरत नाही. पण दुखते, टोचल्यासारखी होते, रात्री खाजवून जाग आणते. धाकटी त्या कुशीवर झोपू शकत नव्हती.

हे कुणाला होतं? वयात आल्यापासून तिशीपर्यंत जास्त, गोऱ्यांपेक्षा सावळ्या-काळ्या कातडीत जास्त, आणि काही घरांत पिढ्यान् पिढ्या. पण रक्ताइतकीच जागाही महत्त्वाची. छातीचा मध्य, खांदा, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. पापणीवर, तळहातावर, तळपायावर ते जवळजवळ दिसतच नाही. कान सोडला तर बाकीच्या जागांवर कातडी सतत ताणली जाते: हात हलवला की छाती ओढली जाते, मान वळवली की खांदा. ज्या बाजूला ओढ जास्त, त्या बाजूला कीलॉइड लांबतं.

आपल्याकडे खांद्याजवळ बीसीजीची लस देतात, आणि त्याच खुणेवर लाल, चकचकीत गाठ घेऊन येणारे बरेच असतात. लहानपणी ठीक होती, मोठेपणी वाढली, असं सांगतात. छातीवरच्या साध्या पुटकुळीतून कीलॉइड झालेले तरुण तर “मला कधी जखमच झाली नाही” म्हणून हुज्जत घालतात. या दोघींच्या वडिलांच्या छातीवर तसंच एक होतं, हे चौथ्या प्रश्नाला कळलं.

कान टोचण्याचं वयही यात येतं. बाराव्या दिवशी किंवा पहिल्या वर्षात सोनाराने टोचलेलं भोक सहसा त्रास देत नाही. साधारण अकरा वर्षांनंतर टोचलं तर कीलॉइड होण्याचा धोका वाढतो असं दिसतं, आणि घरात कुणाला असेल तर जास्तच. धाकटीचं पहिलं भोक अगदी निर्मळ होतं; अठराव्या वर्षी पाडलेल्या दुसऱ्याने घात केला.

थोरलीसाठी: टेप, सिलिकॉन आणि कॅलेंडर

थोरलीला मी काही औषध दिलं नाही, तर ती नाराज झाली. तिला इंजेक्शन हवं होतं. पण चार महिन्यांचा, हद्दीत राहिलेला व्रण आणि अंगावर पाजणारी आई; इथे सगळ्यात कमी उपद्रवाचं तेच सगळ्यात बरं.

सिलिकॉनची शीट म्हणजे पारदर्शक, मऊ, चिकट पट्टी. तिच्यात औषध नसतं. ती व्रणातला ओलावा बाहेर जाऊ देत नाही, आणि ओल टिकली की खालच्या पेशींचं विणकाम मंदावतं, असं समजतात. जखम पूर्ण बंद झाल्यावरच लावायची; उघड्या जखमेवर नाही. पट्टी व्रणाच्या चारी बाजूंनी सेंटिमीटरभर जास्त कापायची. पहिले दोन दिवस चार-चार तास, मग वाढवत रोज बारा तासांच्या वर, आणि असं निदान तीन महिने. आंघोळीच्या वेळी काढायची, सौम्य साबणाने धुऊन वाळवायची, तीच परत लावायची. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: रात्री दोन तास लावून महिन्याभरात “काही फरक नाही” म्हणतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पोटाच्या घडीत पट्टीखाली घामोळं येतं. तसं आलं तर दोन दिवस बंद ठेवून ट्यूबमधलं सिलिकॉन जेल वापरायचं. दिवसातून दोनदा, अगदी पातळ थर, आणि तो वाळेपर्यंत कपडा लावायचा नाही. जाड थापलं तर ते साडीलाच पुसलं जातं. याच्या जोडीला कागदी टेप व्रणावर आडवी लावून ठेवली की ओढ कमी होते.

एवढ्याने बहुतेकांचं भागतं. सहा महिन्यांनंतरही व्रण वाढतच असेल किंवा खाज झोपू देत नसेल, तर स्टेरॉइडची दोन-तीन इंजेक्शनं देता येतात. लाली फारच असेल तर रक्तवाहिन्यांवर काम करणारा लेझर वापरतात. कापण्याचा विचार साधारण वर्षभरानंतर, आणि कारण असेल तर: पू होऊन टाके उसवले होते, किंवा व्रण कोपरावर-गुडघ्यावर आडवा आल्याने सांधा ओढला जातोय. तिथे नागमोडी कापून शिवतात, त्याने ओढ वाटली जाते. साध्या व्रणाला अशी शस्त्रक्रिया मानवते.

मी तिला एक अट घातली: महिन्याचा फोटो. कारण तेच रक्त तिचंही आहे, आणि हद्द ओलांडली तर आराखडा बदलावा लागेल.

धाकटीसाठी: लांबचा रस्ता

धाकटीला त्याच दिवशी कापून हवं होतं. मावसबहिणीचं लग्न ठरलं होतं. मी तिला पहिल्या वेळचं गणित मांडून दाखवलं. कीलॉइड नुसतं कापलं तर ते परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४५ ते १०० टक्के आहे. कापणं म्हणजे त्याच शरीरात, त्याच जागी, पहिल्यापेक्षा मोठी जखम करणं. सुईच्या भोकाने हरभरा दिला, तर दोन सेंटिमीटरच्या जखमेने काय द्यावं? म्हणून कीलॉइडमध्ये चाकू एकटा कधीच चालत नाही.

सुरुवात इंजेक्शनने केली. ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड, कीलॉइडसाठी सहसा मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमपर्यंत, दर चार आठवड्यांनी. ते गाठीच्या पोटातच जायला हवं. गाठीखाली गेलं तर तिथली चरबी वितळून खड्डा पडतो. पहिल्या वेळी औषध आत जाता जात नाही, कच्च्या सुपारीत सुई घुसवल्यासारखं वाटतं. दाबाने सिरिंजमधून सुई निसटू नये म्हणून फिरवून बसवायची सिरिंज वापरावी लागते. दुखतं, हे मी आधीच सांगतो. भुलेचं औषध मिसळलं किंवा आधी भुलेचं मलम लावलं तर सुसह्य होतं.

पहिल्या इंजेक्शननंतर तिची खाज गेली. बहुतेक वेळा आधी खाज जाते, मग टणकपणा, आणि आकार सगळ्यात शेवटी. दुसऱ्यानंतर गाठ मऊ झाली. चौथ्यापर्यंत एक-तृतीयांश कमी झाली आणि तिथेच अडली. या काळात तिची मासिक पाळी एकदा पंधरा दिवस पुढे गेली, ती घाबरून फोन करत होती. स्टेरॉइडने असं होऊ शकतं आणि ते तात्पुरतं असतं. मधुमेह असलेल्यांची साखर काही दिवस वर जाते, म्हणून तेही आधीच सांगावं. तिसरी गोष्ट म्हणजे सुईच्या आजूबाजूची कातडी फिकी पडते. आपल्याकडे पांढरा ठिपका दिसला की घरात ‘कोड’ हा शब्द उच्चारला जातो. हे कोड नाही, ते पसरत नाही, आणि रंग बऱ्याचदा काही महिन्यांत परततो.

इंजेक्शनला न जुमानणाऱ्या गाठीत स्टेरॉइडबरोबर ५-फ्लुरोयुरासिल हे औषध मिसळतात. ते मूळचं कॅन्सरचं, पण इथे मात्रा थोडी आणि जागेवरच. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते देत नाहीत. द्रव नायट्रोजनने गाठ गोठवण्याचाही उपाय आहे. लहान गाठीला चांगला, पण आपल्या रंगाच्या कातडीवर पांढरा डाग राहण्याची शक्यता जास्त, म्हणून चेहऱ्याजवळ मी जपून वापरतो.

पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया केली. कानाच्या पाळीची एक सोय असते: तिथली कातडी सैल आहे आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबता येतं. छातीवर ही मुभा नाही, म्हणून छातीच्या कीलॉइडला मी सहजासहजी चाकू लावू देत नाही. जागेवर भूल देऊन गाठीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी सोडवली, आतला पांढरा, टणक गर भोकाच्या वाटेसकट काढला, आणि तीच कातडी ओढ न देता बारीक टाक्यांनी परत बसवली. वेळ पाऊण तास. खरं काम त्यानंतरचं.

दहाव्या दिवशी टाके काढले आणि त्याच वेळी कडांमध्ये स्टेरॉइड दिलं. पुढे दर महिन्याला, पाच वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून दाबाची क्लिप: दोन चपट्या चकत्या आणि मध्ये स्क्रू, पाळी दोन्ही बाजूंनी चेपणारी. रोज निदान बारा तास, म्हणजे रात्रभर आणि अभ्यासाच्या वेळी, वर्षभर. घट्टपणाचं माप सोपं आहे. क्लिप काढल्यावर कातडी किंचित फिकी दिसून लगेच भरून यायला हवी. ठणकत असेल, निळी-काळी पडत असेल, तर स्क्रू सैल करायचा. नाहीतर दाबानेच नवी जखम होते.

फार मोठ्या किंवा दोनदा-तीनदा परतलेल्या गाठीला कापल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत किरणोपचार सुरू करतात, मोजक्या बैठका. परत येण्याचं प्रमाण त्याने बरंच खाली येतं. पण लहान मुलांना तो सहसा देत नाहीत, आणि तरुण बायकांच्या छातीवर-मानेवर फार विचार करून. एकोणीस वर्षांच्या मुलीला कानासाठी तो देण्याची मला गरज वाटली नाही.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात तिला अंघोळ करताना पाळीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं, आणि खाज सुटली. ती दुसऱ्याच दिवशी आली, हे तिचं नशीब. त्या टप्प्यावर एका इंजेक्शनात काम झालं. सुपारी होईपर्यंत थांबली असती तर पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं लक्ष ठेवायचं ते यासाठी.

आजीने सुचवलेला चुना आणि शेजारणीने सांगितलेला घट्ट दोरा दोन्ही मी बंद करवले. चुन्याने कातडी भाजते, दोऱ्याने कापली जाते, आणि कीलॉइडला नवी जखम म्हणजे खुराक.

दोन्हींपैकी काहीच नसतं तेव्हा

चमकी घातल्यावर महिन्याभरात नाकाच्या भोकाशी येणारा लाल, मऊ, हात लागला की रक्त येणारा फोड बहुतेक वेळा कीलॉइड नसतो. तो धातूच्या, घासण्याच्या किंवा सारखं फिरवून बघण्याच्या त्रासाने आलेला असतो. दागिना आणि सवय बदलली, गरज पडली तर तो जाळून काढला, की विषय संपतो. कानाच्या वरच्या, कूर्चेच्या भागात टोचल्यावर पूर्ण कड लाल, गरम आणि ठणकणारी झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कूर्चेत पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडतो.

सिझरच्या व्रणातली गाठ दर महिन्याला पाळीच्या दिवसांत सुजून दुखत असेल, तर ते गर्भाशयाचं अस्तर व्रणात रुजलेलं असू शकतं. सोनोग्राफी करून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. आणि कसलीही जखम नसताना वाढत जाणारी, चिघळणारी किंवा इंजेक्शनांना अजिबात दाद न देणारी ‘कीलॉइड’ असेल, तर तुकडा काढून तपासल्याशिवाय राहू नये. क्वचित त्या वेषात कातडीखालचा कॅन्सर असतो.

थोरलीचा व्रण अकराव्या महिन्यात बोटाला जेमतेम लागत होता. डावा कोपरा थोडा राहिला होता. दुसऱ्या बाळाची वेळ आली तर आधी डॉक्टरांना हा व्रण दाखवायचा, हे तिने स्वतःच वहीत लिहून घेतलं होतं.

धाकटीच्या पाळीवर आता एक फिकी रेघ आहे आणि स्टेरॉइडने पडलेली छोटी खोलगट खूण. मावसबहिणीच्या लग्नात ती कुड्या घालून गेली, बाराव्या दिवशी टोचलेल्या त्या जुन्या भोकात. क्लिप पर्समध्ये होती; जेवणं झाल्यावर लावली, म्हणाली.